लिटरला किती ऑइल? चेतक, ब्रश कटर आणि एकच कॅन

दिवाळीच्या आसपास गोंदिया जिल्ह्यात हलका धान कापणीला येतो आणि बांध्यांमधून ब्रश कटरचा घरघराट सुरू होतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून गेल्या काही वर्षांत बऱ्याच घरांनी गोल दातेरी पातं आणि त्यावर पेंढी एका बाजूला पाडणारी जाळी लावलेली ही यंत्रं घेतली. पावसाळ्यात त्याच यंत्राने धुऱ्यांवरचं गवत निघतं. त्यांतल्या काही घरांच्या पडवीत अजून एखादी जुनी चेतक किंवा सुपर उभी असते. दोन्ही इंजिनं टू-स्ट्रोक, दोन्हींना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून लागतं आणि बहुतेक ठिकाणी दोन्हींसाठी एकच प्लास्टिकचा कॅन असतो.

त्या कॅनमध्ये लिटरला किती ऑइल घालायचं, हे विचारलं की चार माणसं चार उत्तरं देतात. बाबा म्हणतात वीस मिली, कारण त्यांनी तीस वर्षं चेतक त्याच्यावर चालवली. मिस्त्री म्हणतो चाळीस टाका, इंजिन सुखात राहील. कटरच्या टाकीवरच्या स्टिकरवर २५:१ छापलेलं असतं. ऑइलच्या बाटलीवर मात्र ५०:१ लिहिलेलं. गंमत अशी की या चौघांपैकी कुणीच धडधडीत खोटं बोलत नसतो. प्रत्येक जण वेगळ्या काळातल्या, वेगळ्या इंजिनाबद्दल किंवा वेगळ्या ऑइलबद्दल बोलत असतो.

आधी आकड्यांची भाषा सरळ करून घेऊ, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. ५०:१ म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली. यालाच लोक दोन टक्के म्हणतात. ४०:१ म्हणजे २५ मिली, ३३:१ म्हणजे ३० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली आणि २०:१ म्हणजे ५० मिली. आता ‘वीसचं मिक्स’ हा शब्द बघा. एक जण त्याचा अर्थ लिटरला २० मिली घेतो, दुसरा २०:१ घेतो. दोघांत अडीच पटीचा फरक पडला. म्हणून या लेखात मी शक्यतो लिटरला किती मिली असंच लिहिणार आहे, आणि मिस्त्रीशी बोलतानाही तसंच बोलावं.

ऑइल पेट्रोलमध्येच का घालावं लागतं? मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात खाली ऑइलचा साठा असतो आणि तेच ऑइल पुन्हापुन्हा फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये खालची ती जागा मोकळी असते, कारण हवा-पेट्रोल आधी तिथेच ओढलं जातं, तिथे दाबलं जातं आणि मग बाजूच्या वाटांनी पिस्टनच्या वर जातं. या वाटेवर पेट्रोल गरम धातूवर उडून जातं आणि त्यातलं ऑइल मागे उरतं. तो ओलावा क्रँकच्या बेअरिंगवर, कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांवर आणि पिस्टनच्या अंगावर बसतो. शेवटी थोडं ऑइल जळतं, थोडं धुरातून बाहेर पडतं. प्रत्येक थेंब एकदाच वापरला जातो. त्यामुळे प्रमाणाचा खरा प्रश्न असा आहे की या इंजिनाच्या सगळ्यात अडचणीच्या बेअरिंगपर्यंत पुरेसा ओलावा पोचायला, हातात आहे त्या ऑइलचा किती डोस लागेल. उत्तरात इंजिन आणि ऑइल दोन्ही आले. नुसत्या इंजिनाचं प्रमाण सांगणारं वाक्य अर्धंच असतं.

जुनी मोठी प्रमाणं कुठून आली तेही यातून कळतं. पूर्वी टू-स्ट्रोकसाठी खास ऑइल नव्हतं. साधं एकाच घट्टपणाचं मोटार ऑइल, बहुतेक ३० नंबरचं, पेट्रोलमध्ये ढवळून घालत. ते नीट विरघळत नसे, जळताना राख आणि कोळसा सोडत असे, आणि रॉडच्या टोकाला सुयांच्या बेअरिंगऐवजी पितळी बुश असे, त्याला ऑइल जास्त लागे. म्हणून लिटरला ५० मिली हा सर्वसाधारण नियम होता. १९६०च्या आसपास व्हेस्पाने हे चित्र बदललं. तिच्या क्रँकच्या चकतीला कापून एक झडप केलेली होती. मिक्स आत येतं तेच क्रँकवरून, रॉडच्या मोठ्या बेअरिंगला भिजवत. ऑइल थेट गरजेच्या जागी पडत असल्याने लिटरला २० मिलीवर भागू लागलं, आणि ‘दोन टक्के’ ही व्हेस्पाची जाहिरातीत मिरवायची गोष्ट झाली.

बजाजने पियाजिओशी करार करून भारतात व्हेस्पा बनवायला सुरुवात केली आणि करार संपल्यावर १९७२मध्ये चेतक आणली, तेव्हा हीच रचना पुढे चालू राहिली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया त्याच घराण्यातली. कानपूरची एलएमएलही तशीच. म्हणून चेतकवाल्या बाबांचे २० मिली अगदी बरोबर आहेत. लांब्रेटाचं मात्र वेगळं. तिच्यात मिक्स पिस्टनच्या खालून, सिलिंडरच्या भोकातून येतं. क्रँकच्या बेअरिंगला ते थेट भिजवत नाही. मुंबईत बनलेली लांब्रेटा आणि पुढे लखनौच्या कारखान्यातून आलेली विजय सुपर यांना लिटरला ४० मिली हेच मूळ प्रमाण. दोन स्कूटर बाहेरून बहिणी वाटल्या तरी ऑइलच्या बाबतीत त्या वेगळ्या घरच्या आहेत. लांब्रेटावाल्याचं ऐकून चेतकमध्ये चाळीस आणि चेतकवाल्याचं ऐकून लांब्रेटात वीस, ही देवाणघेवाण अनेक वर्षं चालली. तिच्यात नुकसान झालं ते बहुतेक लांब्रेटाचं.

इथे एक सावधगिरी. चेतकच्या नावाने शेवटच्या काळात फोर-स्ट्रोक स्कूटरही निघाल्या. त्यांच्या इंजिनात ऑइल वेगळं असतं, टाकीत मिक्स घालायचं नाही. कायनेटिक होंडा टू-स्ट्रोकच, पण तिच्यात २टी ऑइलची स्वतंत्र टाकी आणि छोटा पंप असतो; तो पंप अ‍ॅक्सिलरेटरच्या हिशेबाने ऑइल सोडतो. अशा गाडीत पेट्रोलमध्येही ऑइल घातलं तर डोस दुप्पट होतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने तो पंप बंद करून टाकलाय का, हे मात्र विचारून घ्यावं. पंप बंद आणि टाकीत साधं पेट्रोल, असं झालं तर पुढच्या काही किलोमीटरमध्ये पिस्टन अडकतो.

ब्रश कटरकडे वळलं की गोंधळ वाढतो, कारण सारखी दिसणारी यंत्रं तीन जातींची असतात. होंडाचे जीएक्स ३५ इंजिन बसवलेले कटर फोर-स्ट्रोक. त्यांत खाली वेगळं ऑइल, टाकीत साधं पेट्रोल. स्टिलचे ‘४-मिक्स’ इंजिनवाले, उदाहरणार्थ एफएस १३०, झडपांचे फोर-स्ट्रोक आहेत, पण त्यांच्यात ऑइलचा साठा नाही, तेही ५०:१ मिक्सवरच चालतात. आणि बाकीचे सरळ टू-स्ट्रोक. त्यामुळे आवाजावरून किंवा ‘फोर-स्ट्रोक’ या शब्दावरून ठरवू नये. टाकीच्या झाकणावर पेट्रोल पंपाच्या चित्राशेजारी ऑइलचा थेंब काढलेला असेल तर मिक्स. इंजिनाला डिपस्टिक किंवा ऑइल भरायचं वेगळं झाकण असेल तर साधं पेट्रोल.

आता टाकीवरच्या २५:१चं काय? याचं उत्तर मोठ्या कंपन्यांच्या मॅन्युअलांतच आहे. स्टिलच्या जुन्या पुस्तिकांत लिहिलेलं असे: आमचं ऑइल वापरलंत तर ५०:१, दुसऱ्या कंपनीचं एअर-कूल्ड टू-स्ट्रोक ऑइल वापरलंत तर २५:१. हस्कवर्नाही स्वतःच्या ऑइलला ५०:१ आणि इतरांच्या ऑइलला ३३:१ सांगत आली. इंजिन तेच, बोल्टसुद्धा बदललेला नाही, प्रमाण मात्र दुप्पट. यात धंदा आहेच, ते नाकारत नाही. पण तर्कही आहे. ग्राहक कुठलं ऑइल आणील याची कंपनीला खात्री नसते, म्हणून वाईटात वाईट ऑइल गृहीत धरून ती मोठा आकडा छापते. बाजारातल्या स्वस्त ५२ सीसी कटरवर २५:१ छापलेलं असतं तेही याच भीतीने. तो आकडा निकृष्ट ऑइलसाठीचा आहे. चांगलं ऑइल घालूनही तोच आकडा धरला तर डोस जास्त होतो.

मग चांगलं ऑइल ओळखायचं कसं? डब्याच्या मागे ‘जासो’ ही जपानी मानकाची खूण शोधा. तिच्यापुढे एफबी, एफसी किंवा एफडी असं लिहिलेलं असतं. एफबी चालण्यापुरतं. एफसी म्हणजे कमी धूर आणि सायलेन्सरमध्ये कमी कोळसा. एफडी एफसीसारखंच, पण जास्त तापणारं इंजिन आतून स्वच्छ ठेवण्याची ताकद अधिक. स्कूटरला एफसी भरपूर झालं. दहा-बारा हजार फेऱ्यांवर तासन्तास फिरणाऱ्या, पंख्याच्या हवेवरच थंड होणाऱ्या कटरला एफडी घ्यावं. बोटीच्या इंजिनासाठीचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल नको. ते पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. आणि मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० फोर-स्ट्रोक ऑइल तर अजिबात नको, घरात उघडा डबा पडलेला असला तरी. त्यातली रसायनं जळली की राख होते आणि ती प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. एक दिवस चालेल, पण हंगामभर नाही.

जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षितता, हा मिस्त्र्यांचा आवडता सिद्धान्त. त्याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा दिल्लीत झाली. रिक्षा आणि स्कूटरवाले पंपावर सुटं ऑइल अंदाजाने ओतून घेत, बहुतेक गरजेपेक्षा जास्त, आणि ते सुटं ऑइल कशाचं असेल याचा भरवसा नसे. शहरावरच्या निळसर धुराचा एक वाटा त्यातून आला. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८च्या आदेशात दिल्लीत सुटं २टी ऑइल विकणं बंद करण्याची आणि पंपावरच ठरलेल्या प्रमाणात मिसळलेलं पेट्रोल देण्याची मुदत त्या वर्षअखेरची होती. पाठोपाठ देशभर कमी धुराच्या २टी ऑइलची सक्ती आली. आपल्याकडे मात्र मिक्स घरी बनतं, म्हणून तो प्रश्न आपल्या पडवीत शिल्लक राहिला.

जादा ऑइलने इंजिनाला नेमकं काय होतं? प्लगची टोकं काळी, ओलसर, तेलकट होतात आणि थंड इंजिन पाच-सहा झटके दिल्याशिवाय पेटत नाही. पिस्टनच्या रिंगच्या खोबणीत चिकट कोळसा भरतो, रिंग मोकळी हलत नाही आणि दाब कमी होतो. धूर बाहेर पडायची वाट कोळशाने अरुंद होते. चेतकचा सायलेन्सर काढून चुलीत टाकून जाळायचा आणि आपटून काळा चुरा बाहेर काढायचा, हा विधी ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. कटरच्या सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. ती कोळशाने बुजली की यंत्र रिकामं छान फिरतं आणि गवतात घातलं की दम सोडतं. लोक लगेच कार्ब्युरेटरला दोष देतात. आधी ती जाळी काढून ब्रशने घासून बघा.

जादा ऑइलविरुद्ध आणखी एक युक्तिवाद केला जातो: ऑइल वाढलं की तेवढी पेट्रोलची जागा जाते, मिश्रणात हवा जास्त होते आणि इंजिन तापतं. हे खरं आहे, पण फुगवून सांगितलं जातं. लिटरला २० मिलीवरून ४० मिलीवर गेलात तर प्रत्येक शंभर भागांत पेट्रोल ९८वरून ९६वर येतं. फक्त दोन टक्के. याहून मोठा बदल आपण न विचारता स्वीकारला आहे, तो इथेनॉलचा.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. दहा टक्क्यांचं लक्ष्य २०२२मध्ये गाठलं, फेब्रुवारी २०२३मध्ये ई-२० आलं आणि पुढे ते सगळीकडे पोचलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. चेतकच्या आणि कटरच्या कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही. तो जुन्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मिश्रण सात-आठ टक्के ‘पातळ’ होतं. म्हणजे ऑइल दुप्पट केल्याने होणाऱ्या बदलाच्या जवळजवळ चौपट. इंजिन जास्त तापतं, आणि इथेच लोक चुकीचा उपाय करतात, ऑइल वाढवतात. ऑइलने पातळ मिश्रण घट्ट होत नाही. त्यासाठी कटरच्या कार्ब्युरेटरवरचा ‘एच’ लिहिलेला स्क्रू थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, उघडावा लागतो. स्कूटरला एक नंबर मोठा मेन जेट लागतो. ‘मिक्स रिच करा’ असं मिस्त्री म्हणाला तर तो ऑइलबद्दल बोलतोय की पेट्रोलबद्दल, ते तिथल्या तिथे विचारावं. एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात आणि पिस्टन मध्ये मरतो.

असा एक पिस्टन मी स्वतः पाहिला आहे. नात्यातल्या एकाचा ५२ सीसी कटर तिसऱ्या हंगामात, भारी धानाच्या कापणीत, भर दुपारी बसला. दोरी ओढली तर हलेना. थंड झाल्यावर सुटली, पण दाब गेलेला. दुकानात सांगितलं की ऑइल कमी पडलं, पुढच्या वेळी लिटरला साठ टाका. तो शपथेवर सांगत होता की मी दर वेळी चाळीस मोजून टाकतो.

भांडण मिटवायला इंजिन उघडावं लागलं नाही, निदान आधी तरी नाही. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले की धुराच्या भोकातून पिस्टन दिसतो. त्या बाजूला उभे ओरखडे होते, धातू पसरलेला. मग सिलिंडर काढला. मागची, म्हणजे कार्ब्युरेटरकडची बाजू जवळजवळ गुळगुळीत होती. आणि क्रँकच्या खोलीत, रॉडच्या बेअरिंगवर, बोट फिरवलं तर ऑइल लागलं. आतमध्ये ओलं होतं. ऑइल घालायचं राहून गेलं असतं तर पिस्टन चारी बाजूंनी ओरबाडला गेला असता आणि खालची बेअरिंग कोरडी, तांबूस-निळसर झालेली दिसली असती. इथे ऑइल होतं. मिश्रणात हवा जास्त होती. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या काळ्या ठोकळ्याचे स्क्रू थरथरून सैल झाले होते आणि त्याचं पॅकिंग फाटलेलं होतं. तिथून हवा ओढली जात होती. पंधरा दिवसांपासून अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली येत नव्हता, असं त्याला मागाहून आठवलं. हवा गळतीची ती खूण आहे. त्या दिवशी काम थांबवून चार स्क्रू आवळले असते तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च वाचला असता. लिटरला साठ टाकले असते तरी तो कटर बसलाच असता, थोडा जास्त धूर काढून.

मी पाहिलेल्या आणि मिस्त्र्यांकडून नीट चौकशी केलेल्या बसलेल्या इंजिनांत वीस की पंचवीस या वादाने मेलेलं एकही नव्हतं. कुणी घाईत साधं पेट्रोल भरलं होतं, कुणाकडे हवा गळत होती, कुणाचं ऑइल तळाशी बसलं होतं, आणि काही पाण्याने मेली.

पाण्याची गोष्ट आपल्या पावसाळ्यात महत्त्वाची आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ई-२०मध्ये मर्यादेपेक्षा जास्त पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. कटरच्या टाकीतली नळी, टोकाला वजनदार फिल्टर असल्याने, नेमकी तळाशी पडलेली असते. म्हणजे कॅनमध्ये प्रमाण अचूक असूनही इंजिनाला मिळतं ते ऑइल नसलेलं पाणी-अल्कोहोल. जुलैत धुरे साफ करून अर्धा कॅन पडवीत ठेवला आणि ऑक्टोबरात तोच कापणीला काढला, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. वापरण्याआधी थोडं मिक्स काचेच्या पारदर्शक बाटलीत घेऊन पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा दुधट गढूळपणा दिसला तर ते इंजिनात घालू नका. साधारण महिनाभरात संपेल एवढंच मिक्स करावं. हंगाम संपला की कटरची टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, नाहीतर कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा कडक होतो.

जिल्ह्याच्या जंगलात हेच काम दरवर्षी मोठ्या प्रमाणावर होतं. नवेगाव-नागझिऱ्याच्या परिसरात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरला जातो आणि त्याआधी जाळरेषा साफ कराव्या लागतात. कटर असतात, पालापाचोळा उडवणारे ब्लोअरही असतात, तेही बहुतेक टू-स्ट्रोकच. अनेक यंत्रं, अनेक हात आणि एक पेट्रोलचा साठा असला की मिक्सचा कॅन आणि साध्या पेट्रोलचा कॅन वेगळ्या रंगाचा असणं ही चैन राहत नाही. ज्यांच्या घरी मोटरसायकल आणि कटर दोन्ही आहेत त्यांनीही तेच करावं. कॅनमध्ये ऑइल आहे की नाही अशी शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि सावलीत सुकू द्या. साधं पेट्रोल उडून कागद कोरा होतो. मिक्सचा तेलकट डाग राहतो.

राहिलं मोजमाप. आपण पेट्रोल लिटरमध्ये नाही, रुपयांत घेतो. लिटरला १०५ रुपये भाव धरला तर दोनशे रुपयांत १.९ लिटर येतं, त्याला दोन टक्क्यांनी ३८ मिली ऑइल झालं. दोन लिटर समजून ४० घातले तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘दोन झाकणं’ या मापाने, कारण प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं. औषधाच्या दुकानातून २० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या. तिच्याइतकं स्वस्त आणि अचूक माप या कामाला दुसरं नाही. खोकल्याच्या औषधाचं मिलीच्या रेघा असलेलं टोपणही चालेल, फक्त ते पुन्हा औषधाला वापरू नका.

कटरसाठी कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून हलवणं, मग उरलेलं पेट्रोल आणि पुन्हा हलवणं. यंत्रात भरण्याआधी दर वेळी एकदा हलवावं. स्कूटरच्या टाकीत थेट मिसळणार असाल तर आधी पेट्रोलची चावी बंद करा. २टी ऑइल पेट्रोलहून जड असतं; चावी उघडी राहिली तर पहिला घोट निव्वळ ऑइलचा जातो, प्लग भिजतो आणि गाडी पंपावरच बंद पडते. चावी बंद करून ऑइल घालायचं, पेट्रोलची धार त्यावर पडू द्यायची आणि स्टँड काढून गाडी दोनदा डोलवायची. जुने चेतकवाले गाडी आडवी करत ते काही उगाच नाही.

प्रमाण चुकलंच तर टाकून देऊ नका. समजा कॅनमध्ये तीन लिटर मिक्स आहे, २५:१चं झालंय आणि हवंय ५०:१. त्यात सुमारे ११५ मिली ऑइल आहे. तेवढ्या ऑइलला पावणेसहा लिटर पेट्रोल लागतं, म्हणून २.९ लिटर साधं पेट्रोल घाला, काम झालं. प्रमाण अर्धं करायचं तर जवळजवळ तेवढंच पेट्रोल घालायचं, असं लक्षात ठेवलं तरी चालतं.

आता पडवीतल्या त्या एका कॅनबद्दल माझा निकाल. चेतक, प्रिया, बजाज सुपर, एलएमएल यांना जासो एफसी किंवा एफडी ऑइल लिटरला २० मिली. नवा पिस्टन बसवला असेल तर पहिल्या दोन टाक्यांना ३० मिली. लांब्रेटा आणि विजय सुपरला ४० मिलीच ठेवा, तिथे काटकसर नको. कटरच्या पुस्तिकेत ५०:१ असेल आणि तिने मागितलेल्या प्रतीचं ऑइल असेल तर २० मिली. पुस्तिकाच नसलेल्या किंवा २५:१ छापलेल्या स्वस्त कटरला एफडी ऑइल पहिले दहा तास ३० मिली, नंतर २५. एफडी मिळालंच नाही, फक्त एफबी मिळालं, तर स्टिकरवरचे ४० मिली मान्य करा आणि सायलेन्सरची जाळी महिन्यातून एकदा घासा.

चेतक आणि कटर दोघांना एकच कॅन हवा असेल तर एफडी ऑइल, पाच लिटरला १२५ मिली. चेतकला ते किंचित जास्त होईल, तिचा प्लग थोडा लवकर काळा पडेल. आमच्या घरच्या कॅनवर मार्करने ‘५ लि. + १२५, मिसळल्याची तारीख’ एवढंच लिहिलेलं आहे, आणि प्लगचा पाना त्याच कॅनच्या कानाला बांधलेला आहे.